अनंताला लागणारी माती

प्रताप नगरच्या हाउसिंग बोर्डाच्या त्या गल्लीत विभाताईंचा राग सगळ्यांना ठाऊक होता. भाजीवाला त्यांच्या दारासमोर आला की आपणहून मऊ पडलेले टोमॅटो बाजूला काढून ठेवायचा. शेजारचे शर्माजी नातवाला जेवताना 'मराठी आंटी'ची भीती घालायचे. विभाताईंना हे माहीत होतं आणि त्याचाही त्यांना राग यायचा. "मी काय माणसं खाते का?" असं त्या नवऱ्याला विचारायच्या. नंदकिशोरराव वर्तमानपत्रातून मान वर न काढता "नाही गं" म्हणायचे, पण ते इतकं सावकाश की ऐकणाऱ्याला शंका यावी.

नंदकिशोरराव विमा कंपनीत होते. बदली होऊन जयपूरला आले, बोर्डाचं घर लागलं, मुलगी प्रणिता इथेच शिकली आणि नोकरीला पुण्याला गेली. नंदकिशोरराव निवृत्त झाले तरी दोघं इथेच राहिले. ते मूळचे जत तालुक्यातले. लहानपणी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलेला माणूस, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत अगदी कर्मठ. दाढी करताना नळ चालू ठेवलेला कुणी दिसला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. विभाताई वेंगुर्ल्याकडच्या. तिकडे पाऊस इतका, की चार महिने वाळत घातलेलं काही वाळत नाही. या दोघांचं लग्न पस्तीस वर्षं टिकलं याचं श्रेय कुणाला द्यायचं यावरही त्यांचं एकमत नव्हतं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या गणपतीत, विभाताईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. श्रीपाद वेंगुर्ल्याला आईजवळ राहायचा. मोदक झाले का, गुडघे कसे आहेत वगैरे झाल्यावर तो सहज म्हणाला, "अगं ताई, गाडी घेतली. दारात शेड घातली. तो अनंत मधे येत होता, तो काढून टाकला."

विभाताईंच्या हातात रिसिव्हर तसाच राहिला. अंगणातला अनंत त्यांच्या आईने नवी नवरी असताना लावला होता. पावसाळ्यात त्याला पांढरी फुलं लागायची, त्यांचा वास माजघरापर्यंत यायचा. आई रोज पहाटे एक फूल देवाला वाहायची आणि एक वाटीत पाणी घालून उशाशी ठेवायची. आईला आता नीट दिसत नव्हतं, पण फूल कुठे आहे ते वासावरून तिला कळायचं.

"आईला विचारलंस?" विभाताईंनी विचारलं.

"त्यात काय विचारायचं? नर्सरीत तीस रुपयाला मिळतो अनंत. दुसरा आणून देईन म्हटलं ना."

यावर विभाताई जे बोलल्या ते शर्माजींच्या घरापर्यंत गेलं. श्रीपादने घाबरून फोन आईच्या हातात दिला. आई झाडाबद्दल तक्रारीचं एक अक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, "विभा, तुझ्याकडचा आहे ना गं?"

काही वर्षांपूर्वी विभाताईंनी त्याच झाडाची फांदी जयपूरला आणून रुजवली होती, माहेरची लाल माती पिशवीत भरून, गाडीत मांडीवर घेऊन. तो अनंत मागच्या अंगणात मोठ्या कुंडीत होता.

"आहे," विभाताई म्हणाल्या. "मस्त आहे. त्याचं रोप करून पुढच्या पावसाळ्यात घेऊन येते."

फोन ठेवला आणि त्या मागच्या दारी गेल्या. अनंत कुंडीत उभा होता खरा, पण मस्त कसला? वरची सगळी नवी पानं पिवळी पडली होती. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग लिंबाच्या सालीसारखा. वर्षभरात कळ्या धरल्या त्या उमलायच्या आधीच गळाल्या होत्या. मरायला टेकलेल्या झाडाला त्या आईजवळ मस्त आहे म्हणून बसल्या होत्या. आई ब्याऐंशीची, एक पावसाळा टळला की पुढच्याची खात्री कुणी द्यायची? विभाताई तिथेच पायरीवर बसल्या. श्रीपादचा राग, झाडाचा राग आणि स्वतःच्या तोंडाचा राग, सगळं एकदमच आलं.

सांगानेरच्या रस्त्यावर सैनीजींची नर्सरी होती. सैनीजी म्हणजे गोड बोलणारा माणूस. झाडाला काहीही झालं असलं तरी त्यांच्याकडे उपाय एकच, "खाद डालिए, थोड़ी राख डालिए, चल पड़ेगा." विभाताईंनी खत घातलं, वर चुलीची राखही घातली. महिन्याभरात उरलेली पानंही पिवळी पडायला लागली.

तेव्हा प्रणिताने पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, अनंताला आंबट माती लागते. तुमच्याकडची माती खारट-चुनखडीची आहे. लोह मातीत असतं, पण तसल्या मातीत झाडाला ते घेताच येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात. आणि राख कशाला घातलीस? राखेने माती आणखी त्याच बाजूला जाते."

"मला काय स्वप्न पडलं होतं? सैनीने सांगितलं म्हणून घातली."

"आधी माती तपास. पीएचचं किट मिळतं, स्वस्त असतं."

विभाताईंनी जुन्या शहरातला चौड़ा रास्ता नावाचा बाजार पालथा घातला. शाळेच्या प्रयोगशाळांना सामान देणाऱ्या एका दुकानात ते किट मिळालं. पुठ्ठ्याचा छोटा डबा, आत एक काचेची नळी, रंगीत द्रावणाची बाटली आणि रंगांचा एक कागद. नारिंगी म्हणजे पाच, पिवळा म्हणजे सहा, हिरवा म्हणजे सात, निळसर हिरवा म्हणजे आठ, पुढे निळा. सातच्या खाली आंबट, सातच्या वर अल्कली. अनंताला पिवळा रंग हवा, पाच ते सहाच्या मधे. दुकानदाराने बजावलं की नळाच्या पाण्यात तपासायचं नाही, नाहीतर मातीऐवजी पाण्याचाच रंग येईल. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड पाणी कामाला आलं.

त्यांनी वरची माती बाजूला सारून मुळांजवळची चमचाभर काढली, काडीकचरा वेचला, नळीत घालून दुप्पट पाणी ओतलं आणि खळखळून हलवलं. गाळ खाली बसायला वेळ लागला. तेवढ्यात नंदकिशोरराव दोनदा येऊन "झालं का?" विचारून गेले आणि दोन्ही वेळा बोलणी खाऊन परत गेले. वरचं निवळ पाणी दुसऱ्या नळीत काढून त्यात थेंब टाकले. पाणी निळसर हिरवं, निळ्याकडेच झुकलेलं झालं. आठच्या पुढे. मग प्रणिताने सांगितलं म्हणून थोड्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहिलं. माती चक्क फसफसली, म्हणजे तिच्यात चुना होता.

माहेरची लाल माती केव्हाच संपली होती. दर वर्षी कुंडीत अंगणातली माती भरत भरत ती नावालाही उरली नव्हती. प्रणिता म्हणाली, ही माती सुधारत बसू नकोस, गंधक घातलास तरी हा चुना तो खाऊन टाकेल, त्यापेक्षा सगळीच बदल. मग ऑक्टोबरात विभाताईंनी कंबर कसली. सैनीजींकडून नारळाचा भुस्सा आणला, कुजलेल्या पानांचं खत आणलं, गंधकाची पूड आणली. भुस्सा धुऊन घेतला, त्यात खत आणि चिमूटभर बागेची माती मिसळली, प्रमाणात गंधक घातला. गंधक घातल्याबरोबर काही होत नाही, ओल्या मातीतले जंतू हळूहळू त्याचं आम्ल करतात आणि त्याला महिने लागतात. पण भुस्सा आणि पानांचं खत मुळातच आंबट बाजूचं. नव्या मिश्रणाची नळी पहिल्याच दिवशी पिवळी आली. अनंताची मुळं हलक्या हाताने झाडून, जुनी माती काढून त्यांनी तो नव्या कुंडीत लावला. उरलेलं मिश्रण ओलसरच पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलं.

त्यानंतर विभाताईंचे गुडघे बसले. दिवाळीचा फराळ करण्याच्या नादात उठबस झाली आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. मागचं अंगण दोन पायऱ्या खाली होतं.

"पाणी मी घालतो," नंदकिशोरराव म्हणाले. "तू आत बस."

"माती ओली राहील एवढंच. डबकं करू नका."

"पाण्याचं मला शिकवू नकोस," ते म्हणाले. ते खरंच होतं, एक थेंब वाया घालवणारा माणूस नव्हता तो.

विभाताई खिडकीतून बघायच्या. नोव्हेंबरात दोन हिरवी पानं आली तेव्हा त्यांनी वेंगुर्ल्याला फोन लावून आईला सांगितलं. आई म्हणाली, "हो का? वास येईल मग." त्या दिवशी विभाताई भाजीवाल्याशीही गोड बोलल्या, तर तो बिचारा बुचकळ्यात पडला.

जानेवारीच्या शेवटी गुडघा जरा सुधारला आणि त्या हळूहळू पायऱ्या उतरून कुंडीजवळ गेल्या. आणि तिथेच त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नवी पानं पुन्हा पिवळी. मातीवर पांढरा पापुद्रा. कुंडीच्या काठालाही पांढरी रेघ. त्यांनी माती काढली, नळी हलवली, गाळ बसेपर्यंत दात ओठ खात उभ्या राहिल्या आणि थेंब टाकले. निळ्याकडे झुकलेलं हिरवं. पुन्हा आठच्या पुढे.

"सैनीने फसवलं," त्या म्हणाल्या. "गंधक म्हणून मला काहीतरी भुकटी दिली. भुस्साही खारट दिला असणार."

"अगं, असं कसं..." नंदकिशोररावांनी सुरुवात केली.

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

त्या ऑटो करून नर्सरीत गेल्या. तिथे गिऱ्हाईकं होती, सैनीजींचा मोठा भाऊ होता, सासऱ्याला घेऊन आलेली एक सून होती. त्या सगळ्यांसमोर विभाताईंनी सैनीजींना फैलावर घेतलं. आपलं हिंदी त्यांना रागात नेहमीच अपुरं पडायचं, मग मधेमधे मराठी यायचं. "नकली माल देते हो. लाज वाटत नाही? मेरी माँ बयासी की है, उसको मैंने वचन दिया है, और तुम मुझे चूना लगाते हो." सैनीजी हात जोडून "बहनजी, गंधक असली है, आप जाँच करा लीजिए" म्हणत राहिले. ती सून सासऱ्याला घेऊन काही न घेता निघून गेली. सैनीजींनी ते पाहिलं. त्यानंतर ते खुर्चीवर बसून राहिले.

"जाँच? करून दाखवते," विभाताई म्हणाल्या.

घरी आल्या त्या सरळ जिन्याखाली. ऑक्टोबरात उरलेलं मिश्रण पोत्यात तसंच होतं. सैनीचाच भुस्सा, सैनीचाच गंधक. आता याची निळी नळी त्याच्या टेबलावर नेऊन आपटायची, असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. मिश्रण नळीत घातलं, डिस्टिल्ड पाणी ओतलं, हलवलं, थांबल्या. थेंब टाकले.

नळी पिवळी झाली. छान, स्वच्छ पिवळी, सहाच्याही किंचित खाली.

विभाताईंनी पुन्हा तपासलं. पुन्हा पिवळी. त्या स्टुलावर बसल्या. त्याच दिवशी एकाच घमेल्यात कालवलेली माती. पोत्यातली आंबट राहिली, कुंडीतली पालटली. मग कुंडीत असं काय पडलं, जे पोत्यात पडलं नाही? पाणी. दुसरं काही नाही.

त्यांनी नळाचं पाणी तपासलं. कॉलनीच्या बोअरचं पाणी, हिरवं, साताच्या थोडं वर. वाईट, पण एवढं वाईट नाही. स्वयंपाकघरात प्रणिताने गेल्या वर्षी बसवून दिलेलं पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन होतं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार म्हणून तिने हट्टाने घ्यायला लावलं होतं. त्यातलं प्यायचं पाणी तपासलं, ते साताच्या खालीच. मग त्यांचं लक्ष मशीनच्या खालच्या पांढऱ्या नळीकडे गेलं. मशीन जेवढं चांगलं पाणी देतं त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी टाकाऊ म्हणून त्या नळीतून बाहेर जातं, पाण्यातला सगळा क्षार आणि चुना बरोबर घेऊन. ती नळी बेसिनमध्ये सोडलेली असायची. आता ती खिडकीच्या गजातून बाहेर काढली होती आणि खाली निळी बादली होती. या बादलीचं पाणी फरशी पुसायला घेतो, असं नंदकिशोरराव म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभाताई खिडकीमागे उभ्या राहिल्या. नंदकिशोरराव मफलर गुंडाळून बाहेर आले. निळी बादली उचलली, मग्गा घेतला आणि बोगनवेलीला पाणी घातलं, कण्हेरीला घातलं, मग अनंतापुढे वाकून अगदी प्रेमाने, पानं न भिजवता, बुंध्याशी गोलाकार मग्गा रिता केला.

"थांबा," विभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच नंदकिशोरराव दचकले.

त्यांनी ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. एकीत पिण्याचं पाणी, एकीत नळाचं, एकीत निळ्या बादलीतलं. तिन्हीत किटमधले थेंब टाकले. पहिली वाटी जवळजवळ पिवळीच, दुसरी हिरवी, तिसरी निळी. मग ड्रॉपरने व्हिनेगर. पहिली वाटी एका थेंबात पिवळी झाली. नळाच्या पाण्याला बरेच थेंब लागले. निळ्या बादलीच्या पाण्यात विभाताई थेंब टाकत राहिल्या, टाकत राहिल्या, ते हिरवं झालं, हिरवंच राहिलं. पिवळं व्हायला ड्रॉपर पुन्हा भरावा लागला.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "एवढं सगळं आंबट हे पाणी रोज गिळत होतं. मी घातलेला गंधक, खत, सगळं. तुम्ही रोज सकाळी माझ्या आईचं झाड मारत होता."

"मी पाणी वाचवत होतो," नंदकिशोरराव म्हणाले. "तीन बादल्या रोज गटारात जातात. मला बघवत नाही. आणि बोगनवेल बघ ना कशी फुललीये त्याच पाण्यावर."

"बोगनवेल दगडावरही फुलेल. मला विचारलंत का? एकदा तरी?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"तर! म्हणालेच असते."

मग विभाताई बोलायला लागल्या आणि पस्तीस वर्षांचं काय काय बाहेर आलं. वापरलेल्या चहापत्तीपासून ते आंघोळीच्या अर्ध्या बादलीपर्यंत. श्रीपादने विचारलं नाही, तुम्ही विचारलं नाही. झाड बायकांचं, आठवण बायकांची, आणि निर्णय कुणाचा, तर ज्याला गाडी लावायचीय त्याचा, ज्याला पाणी वाचवायचंय त्याचा. नंदकिशोरराव उभे राहून ऐकत होते. शेवटी त्यांनी तिसरी वाटी उचलली आणि बेसिनमध्ये ओतली. या माणसाने पाणी ओतून दिलेलं विभाताईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तरी त्यांचा राग गेला नाही. कशाने जावा?

सगळ्यात जास्त राग त्यांना नर्सरीत परत जावं लागण्याचा आला. पण जायला तर हवं होतं. त्या गेल्या, गिऱ्हाईकं असताना गेल्या, म्हणजे जे चारचौघांत बोललं ते चारचौघांतच परत घेता यावं. "गंधक असली था. गलती हमारे घर में थी." सैनीजी म्हणाले, "कोई बात नहीं बहनजी." पण चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. विभाताईंनी त्यांच्याकडून थोडं हिराकस घेतलं. गंधकापेक्षा ते लवकर लागू पडतं आणि त्यात लोहही असतं, फक्त हात आखडता ठेवावा लागतो.

पोत्यातलं, तपासणीत पिवळं आलेलं मिश्रण नव्या कुंडीत गेलं आणि त्यात अनंत. पांढरा पापुद्रा, खराब माती सगळी टाकून दिली. त्या दिवसापासून अनंताला मशीनमधलं पिण्याचं पाणी. नंदकिशोरराव स्वतःसाठी पेला भरायच्या आधी अनंताचा तांब्या भरून ठेवायचे आणि त्यावर ताटली झाकायचे. टाकाऊ पाणी फरशीला, संडासाला आणि बोगनवेलीला. "ती तुमची," विभाताई म्हणायच्या. दर पंधरवड्याला नळी निघायची. पिवळी आली की त्या काही बोलायच्या नाहीत, नंदकिशोरराव मात्र लांबून मान उंचावून बघून घ्यायचे.

मार्चमध्ये नवी पानं निघाली ती हिरवीगार, तेलाचं बोट फिरवल्यासारखी. विभाताईंनी एका चांगल्या फांदीवरची साल गोल सोलली, त्यावर ओलं शेवाळ बांधून प्लॅस्टिक गुंडाळलं. गुटी बांधायची ही रीत त्यांना आईने शिकवली होती. जयपूरच्या उन्हात त्यावर ओला फडका टाकून ठेवावा लागे. पुढे पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली. फांदी कापून पिशवीत लावली, सावलीत ठेवली. ती तग धरेपर्यंत विभाताई घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत.

जुलैत दोघं वेंगुर्ल्याला गेले. रोप पिशवीत, पिशवी विभाताईंच्या मांडीवर, आणि पर्समध्ये ते पुठ्ठ्याचं किट. प्रवासात रोपासाठी मशीनच्या पाण्याच्या दोन बाटल्या नंदकिशोररावांनी भरून घेतल्या होत्या.

अंगणात पत्र्याची शेड होती आणि तिच्यात श्रीपादची पांढरी गाडी. आई ओटीवर बसली होती. विभाताईंनी रोप तिच्या हातात दिलं. आईने पानांवरून बोटं फिरवली, एकेक पान, टोकापर्यंत. "आमचाच," ती म्हणाली.

विभाताईंना सवयच लागली होती. लावायच्या आधी तपासायचं. शेडच्या कडेची लाल माती त्यांनी चमचाभर घेतली, जशी होती तशी, भुस्सा नाही, गंधक नाही, काही नाही. नळीत हलवली. लाल गढूळ पाणी निवळायला बराच वेळ लागला, तोवर श्रीपादचा चहा आला. मग त्यांनी थेंब टाकले.

नळी नारिंगीकडे झुकलेली पिवळी झाली. साडेपाच.

विभाताई त्या नळीकडे बघत राहिल्या. चौड़ा रास्त्यावरचं ते दुकान, बॅटरीचं पाणी, पोतं, सैनीजींचा पडलेला चेहरा, रोज ताटली झाकून ठेवलेला तांब्या, वर्षभराची ती सगळी मारामार या एका रंगासाठी होती. आणि इथे तो जमिनीत नुसता पडून होता, फुकट, पिढ्यान् पिढ्या, कुणी काही न करता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना भयंकर राग आला.

त्यांनी नळी श्रीपादच्या नाकासमोर धरली. "हा रंग बघ. हा आणायला मी तिकडे जिवाचं रान केलं. तुला इथे काहीसुद्धा करायचं नव्हतं रे. फक्त तोडायचं नव्हतं. तेवढंही तुला जमलं नाही?"

"ताई, तू पुन्हा तेच काढू नकोस," श्रीपाद म्हणाला. "लाव ना रोप. विहिरीच्या मागे लाव, तिथे जागा आहे."

"विहिरीच्या मागे आईला वास येणार आहे का?"

"मग कुठे लावायचं? इथे गाडी वळते."

 तेवढ्यात आई ओटीवरून उठली. काठी टेकत, पायरी चाचपत ती खाली उतरली आणि शेडच्या बरोबर तोंडाशी, जिथून गाडी आत यायची तिथे येऊन थांबली. गेल्या गणपतीपासून झाडाबद्दल तक्रारीचा एक शब्द न बोललेली बाई ती. तिने काठीचं टोक जमिनीत रोवलं.

"इथे खण," ती म्हणाली.

"आई, अगं इथे गाडी..."

"इथे होता तो. मला माहीत आहे कुठे होता ते." तिने श्रीपादकडे तोंड केलं, दिसत नसलं तरी बरोबर त्याच्याकडेच. "गाडी बाहेर राहील. मला विचारून आणली होतीस का गाडी?"

श्रीपादने विभाताईंकडे बघितलं. विभाताईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसल्या आणि खणायला लागल्या. नंदकिशोररावांनी विहिरीतून कळशीभर पाणी ओढलं आणि नुकत्याच लावलेल्या रोपाशी आणून ठेवलं. मग थोडे घुटमळले.

"हे पाणी तपासलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"ओता," विभाताई म्हणाल्या. "सगळं ओता."

त्यांनी सगळं ओतलं. श्रीपादने संध्याकाळी रोपाला न लागता, मागेपुढे करत कशीबशी गाडी शेडमधून काढली आणि रस्त्याच्या कडेला लावली. ती त्यानंतर तिथेच उभी असते.